‘काफेसितो’ म्हणताना कप भरलेलाच का असतो?

प्रश्न : मी स्पॅनिश शिकतो आहे. ‘इतो’, ‘इता’ लावलं की वस्तू लहान होते, असं शिकवलं गेलं. मग मेक्सिकोच्या मालिकेत पाहुण्याला ‘काफेसितो’ विचारून भरलेला कप का देतात? आणि आजी ‘आब्वेलिता’ कशी?

उत्तर : तुम्ही शिकलात ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. ‘कासा’ म्हणजे घर, ‘कासिता’ म्हणजे छोटं घर. इथे प्रत्यय आकार सांगतो, कारण घर लहान-मोठं असू शकतं आणि बोलणाऱ्याला ते सांगायचं असतं.

‘आब्वेला’ म्हणजे आजी. आजीचं माप कुणी काढत नाही, म्हणून ‘आब्वेलिता’त आकाराऐवजी माया उरते. कार्लोसचा ‘कार्लितोस’ होतो तोही असाच. मात्र माणसाला लावलेला प्रत्यय नेहमी प्रेमाचाच असतो, हा गैरसमज नको. ‘आबोगादो’ म्हणजे वकील. एखाद्याला तिरकस सुरात ‘आबोगादितो’ म्हटलं, तर ‘हा कसला वकील’ असा तुच्छतेचा अर्थ निघतो. सूर ऐकावा लागतो.

आता कॉफी. ‘काफे’चं ‘काफेसितो’ केल्यावर कपाचं माप बदलत नाही, विचारण्याची धार कमी होते. आपण ‘जरा पाणी देता का?’ म्हणतो, तेव्हा ‘जरा’ पाण्याचं माप सांगत नाही. मागणं हलकं करतं. ‘उन मोमेंतितो’ म्हणजे ‘एक क्षणभर हं’, हेही तसंच. मागणं छोटं दाखवलं की ऐकणाऱ्यावर ओझं पडत नाही, म्हणून विनंतीत हा प्रत्यय वारंवार येतो.

खरी फसगत होते ती क्रियाविशेषणांत. ‘सेर्का’ म्हणजे जवळ, ‘सेर्किता’ म्हणजे अगदी जवळ. उलट इथे प्रत्ययाने अर्थ ठासून सांगितला. त्याच न्यायाने ‘आओरा’ म्हणजे आत्ता, तर ‘आओरिता’ म्हणजे या क्षणी, असं वाटतं. कधी तसा अर्थ असतोही. पण मेक्सिकोत ‘आओरिता’ म्हणजे थोड्या वेळाने, कधी बऱ्याच वेळाने, असंही असू शकतं. दुकानदार ‘आओरिता’ म्हणाला आणि घाई असेल, तर ‘आ के ओरा?’ म्हणजे ‘किती वाजता?’ असं विचारून घ्यावं.

काही शब्दांत प्रत्यय पक्का मुरला आहे. ‘मोस्का’ म्हणजे माशी, पण ‘मोस्कितो’ म्हणजे डास. त्याला आज कुणी ‘छोटी माशी’ समजत नाही. असे शब्द तसेच पाठ करावेत.

ओळखायची सोपी खूण अशी : प्रत्यय काढून वाक्य पुन्हा म्हणून पाहा. वस्तूचं माप बदललं, तर प्रत्यय आकाराचा. माप तेच राहून फक्त सूर कोरडा झाला, तर तो मायेचा किंवा विनंतीचा. ‘काफेसितो’ या कसोटीवर दुसऱ्या गटात पडतो, म्हणून तो कप भरूनच येतो.