मुलं मामाकडे, हिशेब काकाकडे

प्रश्न : कनेरगाव नाक्यावर माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. वय ३४, पत्नीचं ३०, मुलगी सहा वर्षांची, मुलगा दोन. घर माझ्या नावावर. दुकानासाठी बँकेचं आठ लाखांचं कर्ज. वडील वारले, आई आमच्याजवळ असते. लग्नाआधीच्या विमा पॉलिसीत नॉमिनी मोठा भाऊ आहे, एफडीवर आई. आता पन्नास लाखांचा टर्म विमा घेतोय. एजंट म्हणतो, मुलीला नॉमिनी करा आणि भावाला अपॉइंटी. दुकानाच्या कामासाठी आम्ही दोघं नेहमी मोटारसायकलवर हिंगोली-वाशीम करतो. दोघांना एकदम काही झालं तर मुलं वाशीमला त्यांच्या मामा-मामीकडे राहावीत, असं आम्हाला वाटतं. त्यासाठी माझं मृत्युपत्र पुरेल का?
– एक वाचक, कनेरगाव नाका

उत्तर : एकट्या तुमच्या मृत्युपत्रानं भागणार नाही. तुम्हाला ज्या प्रसंगाची भीती वाटते, त्यात तुमच्यापेक्षा तुमच्या पत्नीचं मृत्युपत्र जास्त उपयोगी पडेल. सहसा नवरा आपलं मृत्युपत्र करून मोकळा होतो आणि बायकोचं राहून जातं, म्हणून आधी हेच सांगतो.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ याच्या कलम ९ नुसार वडिलांना मृत्युपत्रानं मुलांचा पालक नेमता येतो. मात्र वडिलांच्या मागे आई हयात असेल, तर ती नेमणूक लागू होत नाही, कारण तेव्हा आईच पालक असते. पुढे आईही गेली आणि तिनं कुणालाच नेमलेलं नसलं, तर वडिलांनी केलेली नेमणूक पुन्हा जिवंत होते. विधवा आईनं दुसऱ्या कुणाला नेमलं असेल, तर तिचा शब्द चालतो. म्हणजे तुम्ही मेहुण्यांचं नाव लिहिलं आणि पत्नीनं रागाच्या किंवा मायेच्या भरात तिसरंच नाव लिहिलं, तर मुलांसाठी भांडण उभं राहील. दोघांनी मृत्युपत्र करायचं आणि दोन्हींत नाव एकच ठेवायचं.

मालमत्तेचंही तसंच आहे. अपघातात दोघं गेले आणि आधी कोण गेलं हे कळलं नाही, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २१ असं धरून चालतं की वयानं लहान असलेली व्यक्ती मागे राहिली. तुमच्या घरात ती पत्नी. तुम्ही सगळं पत्नीला लिहून ठेवलं असेल, तर तुमचं घर क्षणभरासाठी का होईना तिचं होतं आणि पुढे कुणाला, कसं जाणार हे तिचं मृत्युपत्र ठरवतं. ते नसेल तर घर थेट दोन अज्ञान मुलांच्या नावावर येईल आणि त्याचं काय करायचं हे तुम्ही कुठेच सांगितलेलं नसेल.

आता समजा, मृत्युपत्र केलंच नाही आणि एकटे तुम्हीच गेलात. तुमच्या नावावरच्या घराचे चार सारखे वाटे होतील : पत्नी, मुलगी, मुलगा आणि तुमच्या आई. मुलांच्या नावापुढे नोंदीत ‘अ.पा.क. आई’ असं लागेल. कर्ज फेडायला पत्नीला घर विकावंसं वाटलं, तरी मुलांचा हिस्सा विकण्याआधी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. परवानगीशिवाय केलेलं खरेदीखत मुलं मोठी झाल्यावर रद्द करून घेऊ शकतात, म्हणून जाणता घेणारा पुढे येत नाही. तेव्हा घर पूर्णपणे पत्नीला द्या. आईंना हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क आणि दरमहा ठरावीक रक्कम मृत्युपत्रात स्पष्ट लिहा. आईंना ते आधी सांगा, नंतर कळलं तर जिव्हारी लागतं.

नॉमिनीच्या बाबतीत एक मोठा निकाल लक्षात ठेवा. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर २०१३ मध्ये गेले. त्यांनी मृत्युपत्र केलं होतं, पण काही म्युच्युअल फंडांवर नॉमिनी वेगळे होते. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला, की नॉमिनी झाल्यानं कुणी मालक होत नाही, वारसाहक्क किंवा मृत्युपत्रच चालतं. बँकेच्या एफडीलाही हेच लागू. विम्यात थोडा फरक आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील, तर विमा कायद्याचं कलम ३९ त्यांना रकमेचे लाभार्थी मानतं. तरी त्यावर न्यायालयांत वाद झालेच आहेत. भाऊ त्या यादीत नाही. तुमच्या जुन्या पॉलिसीचे पैसे भावाच्या हाती येतील, आणि पत्नीला ते दिराकडे मागावे लागतील. भाऊ कितीही चांगला असो, ही वेळ कुणावरच आणू नका. शाखेत नॉमिनी बदलाचा अर्ज देऊन पत्नीचं नाव लावा आणि पॉलिसीवर तशी नोंद झाल्याचं पाहून या. एफडीवरही पत्नीला घ्या. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, एफडीवर एकाच वेळी किंवा एकामागून एक या क्रमानं.

एजंटचा सल्ला मात्र मानू नका. सहा वर्षांची मुलगी नॉमिनी आणि भाऊ अपॉइंटी झाला, तर पन्नास लाख भावाच्या हाती जातील. ते कुणावर, किती, कधी खर्चायचे याचा एक शब्दही कुठल्या कागदावर नसेल, मुलं वाशीमला मामाकडे असतील आणि धाकट्याचं नाव तर पॉलिसीत नसेलच. त्यापेक्षा ही पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या. लाभार्थी पत्नी आणि दोन्ही मुलं, ट्रस्टी पत्नी आणि तुमचा भाऊ. मग हे पैसे तुमच्या मालमत्तेत धरले जात नाहीत आणि दुकानाच्या कर्जापोटी बँकेला त्यांवर हात टाकता येत नाही. अट एवढीच, की हा पर्याय प्रस्ताव अर्ज भरतानाच निवडावा लागतो, पॉलिसी निघाल्यावर नाही. लाभार्थीही नंतर बदलता येत नाहीत, म्हणून विचार करून नावं भरा.

कामं दोन आहेत, माणसंही दोन ठेवा. मुलं वाढवायची मेहुण्यांनी, पैसा सांभाळायचा भावानं. दोघांच्या मृत्युपत्रात ट्रस्टी म्हणून भावालाच नेमा. मुलांच्या खर्चासाठी दरमहा ठरावीक रक्कम मेहुण्यांकडे जावी आणि उरलेली मुलांना २३ व्या वर्षी मिळावी, असं लिहा. न लिहिल्यास अठरा पूर्ण होताच सगळी रक्कम मुलाच्या हाती पडते, ते वय मला त्यासाठी फार लहान वाटतं.

पालकाचं कलम साधारण असं असावं : ‘माझ्या पत्नीच्या मागे, किंवा आम्हा दोघांचं एकाच वेळी निधन झाल्यास, आमच्या सध्याच्या आणि यापुढे होणाऱ्या अज्ञान अपत्यांचे पालक म्हणून मी माझे मेहुणे (नाव) यांची नेमणूक करतो, ते नसल्यास त्यांच्या पत्नी (नाव).’ पत्नीच्या मृत्युपत्रातही हेच कलम, ‘माझ्या पत्नीच्या’ऐवजी ‘माझ्या पतीच्या’ आणि ‘माझे मेहुणे’ऐवजी ‘माझे भाऊ’ असा बदल करून. मेहुण्यांना आधी विचारा. मुलांचं हित पाहून न्यायालय पालक बदलू शकतं, पण सबळ कारणाशिवाय तुमच्या लेखी इच्छेला सहसा बाजूला सारत नाही.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही. साधा कागद, तुमची सही आणि तुम्हाला सही करताना पाहिलेले दोन साक्षीदार पुरतात. भाऊ आणि मेहुणे साक्षीदार नकोत, तुमच्यापेक्षा लहान आणि गावातच राहणारे दोघं घ्या, म्हणजे पुढे साक्षीला सापडतील. नोंदणी सक्तीची नाही, तरी हिंगोलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून ठेवा. पुढे सही खोटी असल्याचा वाद घालणं अवघड जातं.

वरचं उत्तर हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांपुरतं आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती वाचकांचे नियम वेगळे असल्यानं त्यांनी स्वतंत्र सल्ला घ्यावा. तुमचा टर्म विम्याचा प्रस्ताव अजून सही व्हायचा असेल, तर तो आज थांबवा आणि एजंटकडून विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याचा पुरवणी फॉर्म मागून घ्या.