मोटिव्हेशन लेटर : विनंतीअर्ज नव्हे, आत्मवृत्तही नव्हे



दिवाळीच्या सुट्टीत आमच्या कोपरीतली एक माजी विद्यार्थिनी घरी आली. दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होती, आता एसवायबीकॉमला आहे. तिच्या कॉलेजचा नेदरलँड्समधल्या एका बिझनेस स्कूलशी करार आहे. निवड झाली तर टीवायचं पाचवं सेमिस्टर तिकडे करता येतं. त्यासाठी पाचशे शब्दांचं मोटिव्हेशन लेटर द्यायचं होतं. "सर, फक्त ग्रामर बघा," म्हणाली. ग्रामर ठीकच होतं. अडचण वेगळीच निघाली, आणि ती आपण शाळेत पत्रलेखन शिकवतो तिथपर्यंत जाते, म्हणून इथे सविस्तर लिहितो. पत्र इंग्रजीत होतं, उतारे मराठीत देतो.

तिच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती : "मी आपणांस नम्र विनंती करते की मला ही संधी द्यावी. मला लहानपणापासून वाणिज्य शाखेची आवड आहे. आपले विद्यापीठ जगप्रसिद्ध असून तेथील संस्कृती अनुभवण्याची माझी इच्छा आहे. माझे वडील खूप कष्ट करतात." शेवटी "आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत, आपली विश्वासू".

बघा, यातली दोन वाक्यं आपली आहेत, म्हणजे शिक्षकांची. "नम्र विनंती" ही विनंतीअर्जातून आली आणि "लहानपणापासून आवड" ही आत्मवृत्तातून. दोन्ही प्रकार आपण गुण मिळतील अशा बेताने घोटून घेतो, आणि मुलं पुढे कुठलंही पत्र त्याच साच्यात बसवतात. विनंतीअर्जात वाचणाऱ्याकडे अधिकार असतो आणि लिहिणाऱ्याकडे गरज. इथे मात्र वाचणारी समिती एकच गोष्ट तपासत असते : हे एक सेमिस्टर या मुलीने आमच्याकडे का घालवायचं? गरज किती आहे, हे ती विचारतच नाही.

"एक सेमिस्टर" हे शब्द महत्त्वाचे. परदेशी मास्टर्ससाठी लिहितात ते निवेदन वेगळं. तिथे मूल कायमचं त्या विद्यापीठाचं होणार असतं. एक्स्चेंजमध्ये मूल आपल्याच कॉलेजचं राहतं. अशा करारात साधारणपणे शिकवणीची फी आपल्याच कॉलेजात भरायची असते, तिकडची लागत नाही. (राहणं, जेवणं, विमान, विमा हे मात्र घरूनच, पालकांनी हे आधी धरावं.) पदवी इथलीच मिळणार, म्हणून तिकडचे विषय इथल्या गुणपत्रिकेत बसले पाहिजेत. "मला पुढे युरोपातच करिअर करायचे आहे" असं वाक्य मुलं मोठ्या उत्साहाने लिहितात. ते या पत्रात उलटं पडतं, कारण कॉलेज मूल परत येणार या हिशेबानेच पाठवतं.

मग मी तिला विचारलं, कॉमर्समधलं असं काय आहे जे तू स्वतः हाताळलंस, नुसतं वाचलं नाहीस? थोडा वेळ गप्प बसली. मग सांगितलं, की वडिलांचा आणि त्यांच्या भागीदाराचा वागळे इस्टेटमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे, आठ कामगार, आणि दीड वर्षापासून बिलांची नोंद ती टॅलीत करते. रविवारी. हे पत्रात कुठेच नव्हतं! त्याऐवजी होतं "वडील खूप कष्ट करतात".

आम्ही तिला तीन महिन्यांची बिलं मांडायला सांगितलं. चाळीस बिलं. ठरलेली मुदत ४५ दिवस. प्रत्यक्ष पैसे यायला सरासरी ७१ दिवस लागले. म्हणजे २६ दिवस जास्त. महिन्याची विक्री साधारण चार लाख धरली, तर रोजची झाली सुमारे १३,३०० रुपये, आणि २६ दिवसांची जवळपास साडेतीन लाख. एवढी रक्कम कायम दुसऱ्यांच्या खिशात अडकलेली, आणि कागदाच्या रिळांचे पैसे मात्र वेळेवर द्यायचे. एसवायला खेळतं भांडवल शिकवतात, त्यातलंच हे, फक्त घरचं.

मग तिने एक चांगली गोष्ट शोधून आणली. आपल्याकडे २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराच्या कलम ४३ब मध्ये भर घातली : मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच करता येतो. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून हे लागू झालं.

दुसऱ्या मसुद्यात तिने लिहिलं : "भारतात कायदा आहे, परंतु लघुउद्योजकांना त्याची माहिती नाही." वाक्य छान दिसतं. मी तिला म्हटलं, बाबांना वाचून दाखव.

बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "माहीत आहे गं सगळं. पण व्याज मागितलं तर पुढची ऑर्डर येईल का?"

पत्र तिथे बदललं. आधीच्या वाक्यात समस्या अज्ञानाची होती, म्हणजे उत्तरही सोपं होतं, चार माहितीपत्रकं वाटा. आता प्रश्न खरा झाला : कायदा विक्रेत्याच्या बाजूचा आहे, विक्रेत्याला तो ठाऊक आहे, तरी तो वापरत नाही, कारण ज्याच्याविरुद्ध वापरायचा तोच त्याचा गिऱ्हाईक आहे. आणि हा प्रश्न घेऊन नेदरलँड्सलाच का जायचं, याचं उत्तरही सापडलं. युरोपीय संघाचा २०११ चा निर्देश कंपन्यांमधल्या व्यवहारात साधारण ६० दिवसांची मर्यादा धरतो, पण दोघांनी स्पष्ट ठरवलं आणि ते फार अन्यायाचं नसेल तर जास्त मुदतही चालते. नेदरलँड्सने पुढे जाऊन १ जुलै २०२२ पासून मोठ्या कंपनीने लहान पुरवठादाराला ३० दिवसांत पैसे द्यावेत असं केलं. करारात जास्त मुदत लिहिली तर ती अट रद्द समजली जाते. तरीही तिथल्या छोट्या पुरवठादाराला गिऱ्हाईक गमावण्याची भीती असणारच ना? तो काय करतो? हे शिकायला जाणं म्हणजे "संस्कृती अनुभवणे" नव्हे.

अंतिम पत्रातला मधला परिच्छेद असा झाला : "माझ्या वडिलांच्या कारखान्याची चाळीस बिलं मी तपासली. ४५ दिवसांची मुदत असताना पैसे सरासरी ७१ दिवसांनी आले. कायद्याने मिळणारं व्याज आम्ही एकदाही मागितलं नाही, कारण ऑर्डर जाण्याची भीती वाटते. तुमच्या देशात मुदत ३० दिवसांवर आणली आहे. तुमच्या अभ्यासक्रमातला खेळत्या भांडवलाचा विषय आणि व्यवसाय कायद्याचा विषय मला घ्यायचा आहे. कायदा बदलल्यावर लहान पुरवठादाराचं वागणं बदलतं का, हे मला तिथे समजून घ्यायचं आहे आणि परत येऊन टीवायच्या प्रोजेक्टमध्ये वागळे इस्टेटमधल्या काही कारखान्यांची तुलना करायची आहे."

यात स्तुतीचा एकही शब्द नाही. विषयांची नावं तिने त्या संस्थेच्या एक्स्चेंजसाठी खुल्या असलेल्या यादीतून घेतली. हे आवर्जून सांगतो, कारण पुष्कळ मुलं पूर्ण पदवीच्या यादीतून आकर्षक विषय उचलतात, आणि ते एक्स्चेंजच्या मुलांना उपलब्धच नसतात. समितीला हे एका नजरेत कळतं.

क्रेडिटचं गणित पत्रात करू नये, पण शिक्षकाला ते माहीत असावं. तिकडे एका सेमिस्टरला ३० ईसीटीएस असतात आणि नेदरलँड्समध्ये एक ईसीटीएस म्हणजे २८ तासांचा अभ्यास, म्हणजे एकूण ८४० तास. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट चौकटीत सेमिस्टरला २० क्रेडिट, ६०० तास. आकडा आकड्याला जुळत नाही, म्हणून कुठला विषय इथल्या कुठल्या विषयाच्या जागी धरायचा हे जाण्याआधी कॉलेजकडून लेखी घ्यावं. वेळापत्रकाचंही तसंच. तिकडचं पहिलं सेमिस्टर सप्टेंबर ते जानेवारी, आपलं सहावं सेमिस्टर दिवाळीनंतर सुरू. दोन-अडीच महिने एकावर एक येतात. तिने पत्रात एकच ओळ टाकली, की या काळातल्या हजेरीबद्दल विभागप्रमुखांशी बोलणं झालं आहे. आधी खरंच बोलून आली, मग ओळ टाकली.

एक पेच मात्र राहिला होता. आईला वाटत होतं, घरची उधारी परक्यांना का सांगायची? बाबांनाही थोडं खटकलंच. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. गिऱ्हाईकांची नावं, कारखान्याचं नाव, विक्रीचा आकडा हे सगळं आम्ही काढलं, फक्त दिवस ठेवले. साडेतीन लाखांचं गणित तिने वहीत ठेवलं, मुलाखतीत विचारलं तर पद्धत सांगायची, रक्कम नाही. "आम्ही गरीब आहोत" असा सूर कुठेही नाही, हे बाबांनी स्वतः दोनदा वाचून बघितलं.

शिक्षकांना अजून एक. अशा मुलीसाठी शिफारसपत्र लिहायची वेळ आली तर तिचंच पत्र पुन्हा लिहून देऊ नका. दोन्ही कागद एकाच टेबलावर शेजारी ठेवले जातात. मी तिच्या कॉलेजातल्या अकाउंटन्सीच्या मॅडमना सुचवलं, की तिने वर्गात कुठला प्रश्न विचारला, कुठली चूक स्वतः शोधली, ते लिहा. मॅडमना आठवलं, ताळेबंदाच्या एका उदाहरणात घसाऱ्याची चूक हिने दाखवली होती. तेवढंच लिहिलं त्यांनी.

पत्र ४७० शब्दांत बसलं. "आपली विश्वासू" मी खोडलं होतं, तिने ते परत लिहिलं. म्हणाली, "सर, तेवढं राहू द्या." राहू दिलं.