दोन फोटोंवरून लेहचा बेत

ताईने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो टाकले, एक विमानाच्या तिकिटाचा, दुसरा हॉटेल बुकिंगचा. खाली एवढंच: ‘सामानाची यादी आणि रोजचा कार्यक्रम करून दे.’ मंडळी पाच. ताई, भाऊजी, दोन मुलं आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई.

तिकिटाच्या फोटोत आधी वेळ बघावी. पुण्याहून विमान ८ जूनला ००.३५ला, म्हणजे घर सोडायचं ७ तारखेच्या रात्री. दिल्ली-लेहचा पीएनआर वेगळा निघाला. म्हणजे दिल्लीत बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा चेक-इन करायचं, आणि टर्मिनल बदलत असेल तर तेही त्याच तीन-साडेतीन तासांत. बुकिंगच्या फोटोचा खालचा भाग कापला गेला होता. रद्द करायच्या आणि तारीख बदलायच्या अटी नेमक्या तिथेच असतात, म्हणून पूर्ण पान मागवलं.

खरा घोळ रात्रींच्या क्रमात होता. ८ला लेह, ९ला पँगाँग, १०ला हुंदर, मग तीन रात्री लेह. लेह सुमारे ३,५०० मीटरवर, पँगाँगकाठचं स्पांगमिक ४,२०० मीटरच्याही वर. पुण्याहून थेट उडालेल्या माणसाने दुसरीच रात्र तिथे काढायची म्हणजे दुखणं विकत घेणं. पण रात्री मोजल्या तर लेहच्या चार होत्या, त्यांचा फक्त क्रम बदलायचा होता. ८, ९, १० लेह, ११ हुंदर, १२ पँगाँग, १३ लेह, १४ला सकाळचं विमान. हंगाम भरात यायचा होता, त्यामुळे हॉटेल आणि तंबूवाले दोघेही फोनवरच तयार झाले. पुढच्या आठवड्यात बहुधा झाले नसते.

लेहला विमान साडेसातच्या सुमारास उतरतं आणि खोली मिळते दुपारी दोनला. लवकर खोली हवी असं आधीच कळवून ठेवलं, कारण पहिल्या दिवसाचा कार्यक्रम एकाच शब्दाचा होता: झोपा. भाऊजींना तो अपमान वाटला. राजगड-तोरणा एका दमात करणारा माणूस! दुपारी बरं वाटतंय म्हणून ते शांती स्तूपाच्या पायऱ्या चढून आले. विरळ हवेचा त्रास उतरल्या उतरल्या होत नाही, सहा-बारा तासांनी डोकं वर काढतो, आणि दमसास चांगला असला म्हणून तो टळत नाही. रात्री भाऊजी डोकं धरून बसले, जेवण समोर आलं की मळमळ. सासूबाई दिवसभर लोळून, मेतकूट-भात खाऊन ठणठणीत! स्वतःला ‘खरे ट्रेकर’ म्हणवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

डोकेदुखी आणि मळमळ विश्रांतीने उतरली तर ठीक. चालताना तोल जायला लागला, किंवा बसल्याजागी धाप लागली, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा आणि खाली उतरायचं. सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून चालायला सांगा, लगेच कळतं. डायमॉक्स घ्यायची की नाही ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

भाऊजी ९ला दुपारपर्यंत सावरले. १०ला निम्मूचा संगम आणि आल्ची. ही बाजू लेहपेक्षा खाली आहे, त्यामुळे शरीराला सवड मिळते. आल्चीची भित्तिचित्रं आठ-नऊशे वर्षांची, बाकी इतिहास गाइड सांगेल. ११ला खारदुंगला ओलांडून हुंदर. खिंडीत फोटोपुरतंच थांबायचं, झोपायचं मात्र ३,१०० मीटरच्या आसपास. १२ला श्योकच्या रस्त्याने पँगाँग, पण एका अटीवर: सकाळी कुणाचंही डोकं दुखत असेल तर गाडी लेहकडे वळवायची. एका दिवसात एवढं वर झोपायला जाणं तरीही जास्तच आहे. कुणाचं दुखलं नाही म्हणून गेले. तळ्याकाठी सिनेमातल्या स्कूटरच्या नकलांवर बसून फोटो काढणाऱ्यांची रांग, आणि रांगेमागे वेफर्सची पाकिटं. १३ला चांग ला खिंडीमार्गे परत. परमिटच्या प्रती ड्रायव्हरकडे द्या.

सामानाचा हिशोब तिकिटावरच्या वजनाने करू नका, टॅक्सीच्या टपाने करा. पाच जणांत चार बॅगा पुरे. स्वेटर, कानटोपी, औषधं आणि पॉवरबँक हातातल्या बॅगेत. पॉवरबँक चेक-इनमध्ये चालतच नाही, आणि लेहची सकाळ जूनमध्येही गार असते. गॉगल, सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम, थर्मास, रोख पैसे. घरात एक तरी पोस्टपेड सिम असू द्या, आपलं प्रीपेड तिथे चालत नाही. चिवडा सीलबंद पाकिटात नेऊ नका. बाहेरचा दाब घटला की पाकीट उशीसारखं फुगतं, आणि खारदुंगलाच्या वळणावर ताईचं एक फुटलंच. पोहे सीटच्या फटींतून वेचायला मुलांना हुंदरपर्यंतचा वेळ पुरला. डब्यात भरा, आणि शॅम्पूच्या बाटलीचं झाकण चिकटपट्टीने बंद करा.