मुदत ठेव : हाती किती पडेल?

बँकेच्या दरफलकाचा फोटो मोबाईलवर आला, तर आपण आधी त्यावरची तारीख पाहू. जुना दर नव्या ठेवीला मिळत नाही. मग मुदतीच्या ओळीवर बोट ठेवून ते ‘ज्येष्ठ नागरिक’ या रकान्यापर्यंत नेऊ. शेजारच्या रकान्यातला दर इतरांचा असतो.

समजा, तिथे 1 वर्षाला 7 टक्के आणि 5 वर्षांना साडेसहा टक्के लिहिले आहे. 1 लाख रुपयांवर वर्षाचे व्याज 7,000 किंवा 6,500 रुपये होते.

आता कर पाहू. ज्यांना 20 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर लागतो, त्यांचे शंभर रुपये व्याजामागे 20 रुपये 80 पैसे जातात. मग हाती 5,544 किंवा 5,148 रुपये उरतात. बँकेने कर कापला नाही, तरी लागू असलेला कर भरावाच लागतो.

कर दोन्हींकडे सारख्याच प्रमाणात गेला. जास्त व्याजाची ठेव जास्तच राहिली. मात्र 1 वर्षानंतर दर उतरले, तर पुढे कमी मिळेल. 5 वर्षांच्या ठेवीचा दर बांधलेला असतो. पण ती मधेच मोडली, तर व्याज घटते. म्हणून पैसा कधी लागणार, ते आधी ठरवावे.