कोटी ओळखा अर्धायुकालावरून

प्रश्न : बारावीच्या रासायनिक गतिकीतली सूत्रे आणि आलेख एका पानात कसे बसवावेत? (विद्यार्थिनी, पनवेल)

उत्तर : अर्धायुकाल हा पानाचा कणा ठेवा. संहती ०.८० वरून ०.४० मोल प्रति लिटर व्हायला २० मिनिटे लागली, तर तिथून ०.२० व्हायला किती लागतात ते पाहा. १० लागली तर शून्य कोटी, २० तर प्रथम, ४० तर द्वितीय. वेग अनुक्रमे k, k[A], k[A]² असला की अर्धायुकाल [A]₀/2k, 0.693/k, 1/k[A]₀ असा येतो आणि त्याच क्रमाने [A], ln[A], 1/[A] यांचा वेळेशी काढलेला आलेख सरळ रेषा होतो. मग नुसती सरळ रेषा पुरेशी नाही का, असे कुणी विचारेल. नाही, अभिक्रिया जेमतेम दहा टक्के झालेली असताना तिन्ही आलेख जवळजवळ सरळच दिसतात. म्हणून निदान दोन अर्धायुकालांपर्यंतची निरीक्षणे तपासा.