टोकन हाताशी असताना पोर्टल कशाला?

प्रश्न : शिवाजी पार्कला आमचं वकिलीचं छोटं ऑफिस आहे. पुनर्विकासाचे करार, मृत्युपत्रांचे मसुदे अशिलांना ईमेलने जातात. बरेच अशील ज्येष्ठ आहेत, काहींची मुलं अमेरिकेत. ई-फायलिंगसाठी घेतलेलं डिजिटल सिग्नेचरचं टोकन आहेच. त्यानेच ईमेल एन्क्रिप्ट करावेत, की सुरक्षित पोर्टलची वर्गणी भरावी?
— एक वकील, दादर

उत्तर : तुमचं टोकन या कामाचं नाही. आपल्याकडे सहीचं आणि एन्क्रिप्शनचं प्रमाणपत्र वेगवेगळं दिलं जातं, आणि ई-फायलिंगसाठी घेतात ते सहीचं. त्याने ईमेल तुमच्याकडूनच आलाय हे सिद्ध होतं, मजकूर मात्र उघडाच राहतो.

एन्क्रिप्शनचं प्रमाणपत्र नव्याने घेतलंत तरी अडचण पलीकडच्या बाजूला आहे. ईमेल कुलूपबंद होतो तो घेणाऱ्याच्या प्रमाणपत्राने, तुमच्या नव्हे. म्हणजे सत्तरीतल्या आजोबांनी आधी प्रमाणपत्र घ्यायचं, मग तुम्हाला सही केलेला ईमेल पाठवायचा, तेव्हा त्यांची सार्वजनिक किल्ली तुमच्या हाती येणार. ते साधं जीमेल वापरत असतील तर मृत्युपत्राऐवजी त्यांना smime.p7m नावाची न उघडणारी फाइल दिसेल आणि ऑफिसात फोन येईल. शिवाय विषयाची ओळ एन्क्रिप्ट होत नाही. तिथे ‘मृत्युपत्र : धाकट्याला वगळून’ असं लिहिलं, तर गुपित तिथेच फुटलं. घेणाऱ्याची खाजगी किल्ली हरवली, तर जुने ईमेलही त्याला कायमचे बंद.

आकाराचाही प्रश्न आहे. टायटलच्या कागदांचं ३० एमबीचं स्कॅन ईमेलमध्ये साधारण एक तृतीयांशाने फुगतं, म्हणजे ४० एमबी होतं. जीमेलवरून पाठवण्याची मर्यादा २५ एमबी.

अशिलांसाठी म्हणूनच पोर्टल घ्या. ईमेलमध्ये फक्त लिंक जाते, फाइल कुणी कधी उघडली याची नोंद राहते. घाईत नावाची गल्लत होऊन मसुदा भलत्याच पत्त्यावर गेला, तर उघडण्याआधी लिंक रद्द करता येते. एन्क्रिप्ट केलेला ईमेल एकदा गेला की गेला. मात्र फाइल डाउनलोड झाल्यावर पोर्टलचाही हात तिथे पोहोचत नाही. पोर्टल चालवणाऱ्या कंपनीला फाइल वाचता येते का, हे करारात लेखी घ्या. अशिलाचं गुपित राखण्याची जबाबदारी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ नुसार तुमची आहे, कंपनीची नाही. लिंकची मुदत संपण्याआधी अशिलाने प्रत उतरवून घेतली ना, हेही विचारा.

एन्क्रिप्टेड ईमेल शोभतो तो बँकेच्या विधी विभागाशी किंवा एखाद्या सॉलिसिटर फर्मशी, जिथे दोन्हीकडे प्रमाणपत्रं आहेत आणि ती सांभाळणारं माणूस आहे.

वर्गणी भरण्याआधी एक चाचणी घ्या : स्वतःलाच फाइल पाठवा आणि ओटीपी कुठे येतो ते पाहा. तो लिंक आलेल्याच ईमेलवर येत असेल, तर मेलबॉक्समध्ये शिरलेल्याला फाइलही मिळाली. ओटीपी मोबाइलवर किंवा, परदेशातल्या मुलांसाठी, ऑथेंटिकेटर ॲपवर देणारं पोर्टलच घ्या.