देवासचा गोलमटोल बेडूक

बेडूक गुळगुळीत, भेक खडबडीत, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. धार, देवास या जुन्या पवारांच्या संस्थानांत, म्हणजे माळव्यात, पहिल्या पावसात हा नियम हमखास फसतो.

माझ्या मावसभावाने देवासहून एक फोटो पाठवला. अंगणातल्या दिव्याखाली एक मातकट, लठ्ठ प्राणी पाय आखडून बसलेला, पाठीवर बारीक पुटकुळ्या. खाली त्याने लिहिलं होतं, "भेक ना रे?" मीही पटकन हो म्हणून टाकलं.

नंतर फोटो मोठा करून पाहिला. सगळ्यात आधी बघायची जागा म्हणजे डोळ्याच्या मागची. आपल्या नेहमीच्या भेकाला तिथे, खांद्याच्या वर, लांबट फुगीर उशीसारखी विषग्रंथी असते. डोक्यावर डोळ्यांच्या कडेने काळ्या कडा उठून दिसतात आणि पुटकुळ्यांची टोकंही बऱ्याचदा काळी असतात. या फोटोत मात्र डोळ्यामागे फक्त कातडीची एक बारीक घडी खांद्याकडे उतरत होती. ना उशी, ना कडा.

फक्त कडा नाहीत म्हणून निकाल देऊ नये, कारण माळव्यात मिळणाऱ्या संगमरवरी भेकाच्या डोक्यावर त्या ठळक नसतात. ग्रंथी त्यालाही असतेच, जरा चपटी. म्हणून ती वरून काढलेल्या फोटोत हरवते. बाजूने काढलेला फोटो मागावा.

कातडीवर तर फारच कमी विश्वास ठेवावा. ओला भेक दिव्याखाली चकाकतो आणि गुळगुळीत वाटतो, तर डबक्यातल्या साध्या बेडकाच्या पाठीवरही पुटकुळ्या असतात. बाहुलीचंही तेच. इथल्या भेकांची बाहुली आडवी असते आणि बहुतेक बेडकांचीही आडवीच, शिवाय अंधारात ती पसरून गोल होते. परदेशी पुस्तकांतली उभ्या बाहुलीची खूण इथे काही कामाची नाही.

बसण्याच्या ढबीनेच मी फसलो होतो. आखूड पाय आणि गोल अंग पाहून भेक वाटणारच. पण जमीन खोदणारे बेडूकही अगदी असेच बसतात. मग मी भावाला मागच्या पायाचा, टाचेजवळचा फोटो मागितला. तिथे फावड्याच्या पात्यासारखा एक कडक उंचवटा होता. त्याने हा प्राणी मागे मागे सरकत मातीत शिरतो. एकटा उंचवटा पुरावा नव्हे, भेकांच्या पायालाही लहान उंचवटे असतात. पण ग्रंथी नाही आणि फावडं एवढं मोठं, म्हणजे हा स्फेरोथेका प्रजातीतला खोदणारा बेडूक.

त्यातली नेमकी जात कोणती, हे भावाने लगेच विचारलं. ते फोटोवरून सांगता येत नाही. त्यासाठी आवाज आणि डीएनए लागतो. मी त्याला म्हटलं, पुढच्या पावसात फोटोबरोबर आवाजही रेकॉर्ड कर.